प्रकल्प नोंदी: संपलेली वही, पुढची खेप आणि एक कॅप्शन

४ मार्च

कापडी पुठ्ठ्याची शिवलेली वही आज दुपारी विक्रीच्या पानावर संपली. इन्स्टाग्रामवर आभाराची पोस्ट आजच टाकावी असा सहकाऱ्यांचा आग्रह होता, परंतु नेमक्या किती वह्या विकल्या गेल्या हे आमच्यापैकी कोणालाही छातीठोकपणे सांगता येईना, म्हणून पोस्ट थांबवून आधी मोजणी केली.

पहिल्या खेपेत ३०० वह्या बांधून आल्या होत्या. त्यांपैकी १४ वह्या वाटेत खराब झालेल्या प्रतींच्या बदल्यात देण्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या, म्हणजे विक्रीसाठी २८६ होत्या. प्रत्यक्षात मागण्या मात्र २८९ निघाल्या. आमच्या विक्रीप्रणालीत साठ्यातील आकडा पैसे जमा झाल्यावर कमी होतो, खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकल्यावर नाही. त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत एकाच वेळी पैसे भरत असलेल्या तिघांना प्रणालीने नसलेल्या वह्या विकल्या. त्या तिघांना राखीव वह्यांतून प्रती पाठवल्या. राखीव आता ११ उरल्या आहेत.

एवढा हिशेब कॅप्शनसाठी कशाला, असे विचारले गेले. ‘३०० वह्या संपल्या’ असे लिहिले असते तर ते खोटे ठरले असते, आणि राखीव वह्यांबद्दल मौन बाळगून महिन्याभराने त्यांतील काही विकायला काढल्या असत्या तर ‘संपली’ हा शब्दच संशयास्पद झाला असता. ‘संपली’ म्हणजे काय हे आधी आपल्याला माहीत असले पाहिजे.

चालू जाहिरात संध्याकाळी बंद केली. विक्रीच्या पानावरील खुणेचा मजकूर बदलून ‘सध्या शिल्लक नाही’ असा केला. शेवटच्या दिवसांत त्याच पानावर ‘फक्त ३ शिल्लक, त्वरा करा’ अशी पट्टी आपोआप झळकत होती असे आज लक्षात आले. ती आम्ही लावलेली नव्हती, प्रणालीत ती सुविधा मुळातच चालू होती. तीही बंद केली.

५ मार्च

कॅप्शनचा पहिला मसुदा सहकाऱ्याने लिहिला: ‘अवघ्या नऊ दिवसांत साफ! तुमच्या प्रेमाने आम्ही भारावलो आहोत. मर्यादित आवृत्ती हातची गेली का? काळजी नको, पुढची खेप येतेय, पण जागा थोड्याच आहेत, आजच यादीत नाव नोंदवा!’

या मसुद्यावर आमची बरीच चर्चा झाली, कारण त्यातील प्रत्येक विधान वेगळ्या प्रकारे चुकते आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ हे उघडच असत्य आहे. तीच वही पुन्हा बनवायची असे ठरले असताना पहिल्या खेपेला मर्यादित म्हणता येत नाही. ‘जागा थोड्याच’ हेही असत्य आहे, कारण यादीला आम्ही कुठलीच कमाल संख्या ठरवलेली नव्हती. ‘नऊ दिवसांत साफ’ हे मात्र खरे आहे, आणि वाद त्याच्यावरच अधिक झाला. खरी गोष्ट का लिहू नये, असा सहकाऱ्याचा प्रश्न होता. माझे म्हणणे असे की नऊ दिवस हा आकडा वाचणाऱ्याला वहीबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त एवढेच सुचवतो की पुढच्या वेळी तू नवव्या दिवसापर्यंत थांबलास तर तुला मिळणार नाही. पहिली खेप नऊ दिवसांत संपली याचे अर्धे श्रेय मागणीला आणि अर्धे आमच्या चुकलेल्या अंदाजाला आहे. ५०० वह्या बांधल्या असत्या तर त्या आजही विक्रीला असत्या. कृत्रिम टंचाई केवळ खोट्या आकड्यांनी होते असे नाही, खरे आकडे भीती वाटेल अशा क्रमाने मांडले तरी ती होते.

टंचाईचा मनावर परिणाम होतो हे नवे नाही. वर्चेल, ली आणि अ‍ॅडेवोले यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बरणीत दोनच बिस्किटे असताना लोकांनी ती दहा असतानापेक्षा अधिक मोलाची ठरवली, आणि भरलेली बरणी डोळ्यांसमोर रिकामी झाली तेव्हा तर हा परिणाम आणखी वाढला. आमच्या विक्रीच्या पानावर गेल्या आठवड्यात नेमके हेच घडले. म्हणूनच ‘संपली’ हे सांगताना शब्द जपून वापरायला हवेत, कारण त्या एका शब्दाने जेवढी ओढ निर्माण व्हायची तेवढी आधीच झालेली असते.

‘भारावलो आहोत’ हे वाक्यही काढले. आभार कशाबद्दल आहेत हे त्यात कळत नाही.

६ मार्च

पुढची खेप कधी, हे कॅप्शनमध्ये ‘लवकरच’ या शब्दाने भागवायचे नाही असे ठरवले होते. ‘लवकरच’ वाचून माणूस रोज पान उघडून पाहतो, आणि तीन आठवड्यांनी चिडतो.

आज बांधणीकाराकडे बसून उलटा हिशेब केला. कागद पोहोचायला तीन आठवडे लागतात, म्हणजे २७ मार्च. कागद कापून त्याच्या घड्या घालायला दोन दिवस. शिवणकाम हे सगळ्यात संथ काम आहे. दिवसाला ३५ वह्या होतात, तेव्हा ४०० वह्यांना १२ कामाचे दिवस, म्हणजे सुट्ट्या धरून दोन आठवडे. पुठ्ठे चढवण्याचे काम शिवणीबरोबरच चालते, परंतु शेवटच्या वह्यांना चिकटवल्यावर दाबाखाली वाळायला तीन दिवस द्यावे लागतात, नाहीतर पुठ्ठा वाकतो. शेवटी तपासणीला एक दिवस. सगळे जुळून आले तर तारीख १६ एप्रिल येते.

बांधणीकार म्हणाले, “सोळा लिहू नका. सोळा ही काहीच बिघडलं नाही तरची तारीख आहे.” हे त्यांचे म्हणणे मी शब्दशः टिपून ठेवले. कॅप्शनमध्ये १६ ते २३ एप्रिल असा आठवडा द्यायचा ठरले. एकच तारीख अधिक ठाम वाटते खरी, पण ती चुकली की मागाहून दिलेल्या कोणत्याही तारखेवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट आज कळली. पुठ्ठ्याचे कापड नव्या रंगाईतले असेल, त्यामुळे निळा रंग पहिल्या खेपेपेक्षा किंचित गडद येईल. हे कॅप्शनमध्ये सांगायला हवे, कारण जुन्या फोटोवरून मागणी करणाऱ्याला वेगळी छटा मिळणार आहे. ‘पहिल्या छटेच्या वह्या आता कधीच मिळणार नाहीत’ असेही हेच तथ्य मांडता आले असते. ते मुद्दाम टाळले.

७ मार्च

प्रतीक्षा यादीचा फॉर्म तयार केला. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत: ईमेल, रेघांची हवी की कोरी, आणि किती प्रती. प्रतींची संख्या विचारणे महत्त्वाचे आहे, कारण नावांची संख्या आणि वह्यांची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खेप किती पुरेल हे दुसरीवरून कळते. फोन क्रमांक मागितला नाही. त्याचा आम्हाला उपयोग नाही. या ईमेलवर फक्त या वहीबद्दल लिहिले जाईल, बातमीपत्र पाठवले जाणार नाही, हे फॉर्मवर लिहिले.

यादीतील नावाचा अर्थ काय, हा खरा प्रश्न होता. बहुतेक याद्यांत नाव नोंदवल्यावर प्रत्यक्षात मिळते ते एवढेच की विक्री सुरू झाल्याचा संदेश सर्वांना एकाच क्षणी जातो आणि मग पुन्हा धावपळ होते. तशी यादी ही यादी नसून दुसरी शर्यत असते. आम्ही ठरवले की यादीत आलेल्या प्रत्येकासाठी एक वही पाच दिवस राखून ठेवायची. पाच दिवसांची मुदत हीसुद्धा घाईच नव्हे का, अशी शंका निघाली. ती रास्त आहे. मुदत ठेवण्याचे कारण असे की न घेतलेल्या वह्या अनिश्चित काळ अडवून ठेवल्या तर यादीबाहेरच्यांना त्या मिळत नाहीत. हे कारण मुदतीशेजारीच लिहायचे आणि उलटी मोजणी दाखवणारे घड्याळ कुठेही लावायचे नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदी-संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांना वेळ संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी अशी घड्याळे सापडली होती. घड्याळ खरे असले तरी आता वाचणारा ते खरे मानेलच असे नाही.

राखून ठेवण्याला मर्यादा आहे. ४०० पैकी १२ वह्या बदलीसाठी ठेवल्या तर ३८८ उरतात. तेव्हा पहिल्या ३८८ नावांपर्यंतच आमचा शब्द टिकतो. तसेच कॅप्शनमध्ये लिहायचे.

८ मार्च

कॅप्शनची लांबी तपासली. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे आणि पहिल्या एक-दोन ओळींपुढचा मजकूर ‘more’ दाबल्याशिवाय दिसत नाही. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘वही’ ही तीन अक्षरे धरली जातात आणि ‘संख्या’ ही सहा. म्हणून मराठी कॅप्शन डोळ्यांना दिसते त्यापेक्षा लवकर भरते, आणि पहिल्या ओळीत आभार, आनंद व इमोजी भरले तर तारीख ‘more’च्या मागे जाते. ज्याला वही मिळाली नाही तो तारीख शोधायला आलेला असतो. पहिली ओळ त्याची. आभार दुसऱ्या परिच्छेदात आले तरी ते कमी होत नाहीत.

कॅप्शनमधील दुवा दाबता येत नाही, म्हणून फॉर्मचा दुवा प्रोफाइलवर ठेवला. चित्रासाठी ‘संपले’ असा तिरका लाल शिक्का मारलेला फोटो सुचवला गेला होता. त्याऐवजी बांधणीच्या टेबलावरील कागदांच्या घड्यांचा फोटो घेतला आणि पर्यायी मजकुरात तो काय आहे ते लिहिले. सकाळी टाकलेला मजकूर असा:

‘कापडी पुठ्ठ्याची वही सध्या संपली आहे. पुढील ४०० वह्या १६ ते २३ एप्रिलदरम्यान येतील.

पहिल्या खेपेतील २८९ वह्या ज्यांनी घेतल्या त्या सर्वांचे आभार. वही टेबलावर सपाट उघडी राहत नाही हे तुमच्यापैकी काही जणांनी पहिल्याच आठवड्यात फोटोंसह कळवले. त्यामुळे पुढच्या खेपेत शिवण बदलली आहे. ज्यांना हवी असूनही वही मिळाली नाही त्यांना थांबावे लागते आहे, कारण किती वह्या लागतील याचा आमचा अंदाज कमी पडला.

नव्या खेपेत कागद, पाने आणि किंमत तीच आहे. पुठ्ठ्याचा निळा रंग किंचित गडद असेल.

प्रतीक्षा यादीचा दुवा प्रोफाइलवर आहे. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि वही घेण्याचे बंधन नाही. यादीतील पहिल्या ३८८ जणांसाठी प्रत्येकी एक वही पाच दिवस राखून ठेवू. त्यानंतर ती इतरांसाठी खुली करू, म्हणजे ती पडून राहणार नाही. नावे ३८८ च्या पुढे गेली तर फॉर्मवरच तसे लिहू. खराब प्रती बदलून देण्यासाठी आमच्याकडे ११ वह्या आहेत. त्या विक्रीसाठी नाहीत. तारीख बदलली तर इथे आणि ईमेलवर कळवू.’

तिसऱ्या खेपेबद्दल काहीच लिहिले नाही. ‘वही आता कायम मिळत राहील’ हे ऐकायला दिलासा देणारे आहे, परंतु तो निर्णय अजून झालेला नाही. टंचाई रंगवणे जसे चूक तसे ठरलेले नसताना मुबलकता सांगणेही चूकच.

१० मार्च

दोन दिवसांत विचारणा झाली ती प्रामुख्याने एकाच गोष्टीची: आपले नाव ३८८ च्या आत आहे का. हे आम्हाला सुचायला हवे होते. फॉर्म भरल्यावर जाणाऱ्या पोचपावतीत आता नोंदीचा क्रमांक दिला जातो. पोचपावतीमुळे आणखी एक फायदा झाला. चुकीचे टंकलेले सात पत्ते लगेच परत आले, आणि त्यांपैकी पाच जणांनी पोच न मिळाल्याने स्वतःहून पुन्हा नोंद केली. यादीतील एकूण नावांचा आकडा मात्र कुठेही जाहीर केलेला नाही. ‘तुमच्याआधी इतके लोक रांगेत आहेत’ असे सांगण्याचा हेतू एरवी एकच असतो.

१७ मार्च

चार पार्सले पत्ता न सापडल्याने परत आली. चौघांनाही विचारले, त्यांनी पैसे परत घेणे पसंत केले. चार वह्या हाती आल्या.

त्या विक्रीच्या पानावर टाकल्या असत्या तर ‘४ शिल्लक’ हा मजकूर पूर्णपणे खरा ठरला असता, आणि तरीही दोनशे-अडीचशे लोकांना चार वह्यांसाठी धावायला लावले असते. यादी आहे ती याचसाठी. पहिल्या चार नोंदींना ईमेल केले: ‘पहिल्या खेपेतील एक न उघडलेली वही परत आली आहे. तुम्हाला आत्ता हवी असल्यास २० मार्चपर्यंत कळवा. नको असल्यास किंवा उत्तर न दिल्यास एप्रिलच्या खेपेतील तुमची वही तशीच राखून राहील.’ शेवटच्या वाक्याशिवाय हे पत्र दटावणी ठरले असते. तिघांनी घेतली, एकाला सपाट उघडणारीच हवी होती, तेव्हा चौथी वही पाचव्या नोंदीला दिली. याची पोस्ट केली नाही.

२५ मार्च

यादी तपासली. एकूण ३४१ नोंदींपैकी २३ दुबार निघाल्या, म्हणजे वाट पाहणारे ३१८ जण आहेत. वह्या घेतलेली चार नावे याआधीच वगळली होती. मागितलेल्या प्रती ४३१ आहेत. ३८८ पैकी ३१८ राखून ठेवल्या की ७० उरतात, त्यामुळे प्रत्येकाला एक वही नक्की मिळते, परंतु अधिकच्या ११३ प्रतींपैकी सर्व मिळतीलच असे सांगता येत नाही. ज्यांनी एकापेक्षा जास्त मागितल्या त्यांना आजच तसे कळवले. विक्रीच्या दिवशी कळवले असते तर ती निराशा झाली असती. आज ती नुसती माहिती आहे.

यादी फुगली म्हणून खेप वाढवावी का, हाही विषय निघाला. आमच्याच आधीच्या एका उत्पादनाच्या यादीतील ९० जणांपैकी शेवटी ३४ जणांनी खरेदी केली होती. हे प्रमाण धरून चालणे योग्य नाही, पण यादीतील नाव म्हणजे मागणी नव्हे एवढे त्यातून नक्की दिसते. ४०० कायम.

संध्याकाळी कागद पुरवठादाराचा निरोप आला की कागद २७ मार्चऐवजी १ एप्रिलला येईल.

२६ मार्च

पाच दिवसांच्या उशिराने १६ एप्रिल ही तारीख २१ वर जाते. ती अजूनही जाहीर केलेल्या आठवड्यातच बसते, तेव्हा गप्प राहावे असे सहकाऱ्याचे मत पडले. मला ते पटले नाही. सात दिवसांची सवड होती त्यातले पाच दिवस पहिल्याच टप्प्यावर खर्च झाले. आता काहीही बिघडले तरी २३ तारीख हुकणार, हे आज आम्हाला माहीत आहे आणि वाचणाऱ्याला माहीत नाही.

जुन्या कॅप्शनची पहिली ओळ संपादित करून ‘२१ ते २८ एप्रिल’ अशी केली आणि खाली ‘२६ मार्च: कागद पाच दिवस उशिरा येत असल्याने तारीख बदलली, आधी १६ ते २३ लिहिले होते’ अशी नोंद जोडली. जुनी तारीख पुसून टाकली असती तर ज्यांनी ती लक्षात ठेवली होती त्यांना आपलीच चूक झाली असे वाटले असते. संपादित कॅप्शन कुणालाही पुन्हा दाखवले जात नाही, म्हणून यादीला स्वतंत्र ईमेल पाठवले आणि वेगळी छोटी पोस्टही केली. सहा जणांनी यादीतून नाव काढायला सांगितले व त्यांची नावे काढली. त्यांच्या जागी सहा नवी आली, त्यामुळे संख्या ३१८ वरच राहिली.

२४ एप्रिल

वह्या काल तपासून झाल्या. आज सकाळी यादीतील ३१८ जणांना ईमेल गेले, आणि उरलेल्या ७० वह्या त्याच वेळी सर्वांसाठी खुल्या केल्या. पोस्टची पहिली ओळ: ‘वह्या आल्या आहेत. यादीतील प्रत्येकाची एक वही २९ एप्रिलपर्यंत राखीव आहे, त्यामुळे आजच घेण्याची गरज नाही.’ तरीही पहिल्या तासात बरीच गर्दी झाली. मागच्या वेळचा अनुभव लोकांच्या मनातून एका ओळीने जाणार नव्हता. यावेळी साठ्यातील आकडा पैसे भरायला सुरुवात करतानाच कमी होईल अशी व्यवस्था केली होती, त्यामुळे नसलेली वही कुणालाही विकली गेली नाही.

३० एप्रिल

यादीतील १८७ जणांनी मिळून २२३ वह्या घेतल्या. १३१ जणांनी घेतल्या नाहीत. यादीबाहेर १९ विकल्या गेल्या. ३८८ मधून २४२ वजा जाता १४६ वह्या शिल्लक आहेत आणि विक्रीच्या पानावर ‘उपलब्ध’ एवढेच लिहिले आहे.

न घेतलेल्या १३१ जणांना आठवण करून देणारे पत्र पाठवावे का, यावर थोडी चर्चा झाली. तारखेच्या बदलाचे आणि वह्या आल्याचे अशी दोन ईमेल गेलीच आहेत. तिसरे पाठवले नाही. आज दुपारी यादीची फाइल काढून टाकली. तिसऱ्या खेपेचा निर्णय या १४६ वह्या कशा जातात ते पाहून मेअखेर घ्यायचा आहे.